वगळणे म्हणजे संरक्षण नव्हे

16 जानेवारी 2021 रोजी देशात कोरोनाप्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला, तेव्हा गर्भवती स्त्रियांना त्यातून वगळण्यात आले. लसींच्या चाचण्यांत गर्भवतींचा समावेश नव्हता, सबब त्यांच्यासाठी लस निर्धोक आहे की नाही याची माहिती उपलब्ध नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. वरवर पाहता हे कारण सयुक्तिक वाटते. परंतु चाचण्यांतून त्यांना वगळले कोणी? आधी चाचणीतून वगळायचे, मग माहिती नाही म्हणून लसीतून वगळायचे, आणि या दुहेरी वगळण्यालाच सावधगिरी हे नाव द्यायचे, असा हा व्यवहार होता. रोगाने मात्र त्यांना वगळले नव्हते.

या निर्णयाचा पहिला फटका कोणाला बसला, हे ध्यानात घेतले पाहिजे. लसीकरणात अग्रक्रम आरोग्यसेवकांना होता. त्यांतील परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा सफाई कामगार स्त्री गर्भवती असली तर तिला रुग्णांमध्ये काम करावे लागे, लस मात्र मिळत नसे. अठरा वर्षांवरील सर्वांना 1 मे 2021 पासून लस खुली झाली, तेव्हाही गर्भवती बाहेरच राहिल्या. स्तनदा मातांना 19 मे रोजी आणि गर्भवतींना 2 जुलै रोजी परवानगी मिळाली. तोवर दुसऱ्या लाटेचा कहर होऊन गेला होता. मे महिन्यात लशींचा तुटवडा होता, त्यामुळे परवानगी आधी मिळाली असती तर सर्वच जणी वाचल्या असत्या असा दावा कोणी करणार नाही. परंतु तुटवडा हा एक अन्याय होता आणि दारातूनच परत पाठवणे हा दुसरा.

त्या लाटेने काय केले याची नोंद मुंबईच्या नायर रुग्णालयात आहे. तेथे कोरोनाबाधित गर्भवती आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांची माहिती पद्धतशीरपणे ठेवली गेली. पहिल्या लाटेतील 1143 स्त्रियांपैकी 8 दगावल्या. दुसऱ्या लाटेतील 387 स्त्रियांपैकी 22 दगावल्या. म्हणजे मृत्यूचे प्रमाण शेकडा पाऊणवरून शेकडा पावणेसहाच्या घरात गेले. मोठ्या रुग्णालयात अवघड रुग्णच अधिक येतात, म्हणून हे प्रमाण सबंध समाजाला जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु एकाच रुग्णालयातील दोन लाटांची ही तुलना डोळ्यांत अंजन घालणारी आहे.

गर्भवतीलाच हा आजार का जड जातो, याचे कारण तिच्या शरीराच्या घडणीत आहे. वाढणारे गर्भाशय श्वासपटलाला खालून वर रेटते, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. त्याच वेळी आई आणि गर्भ या दोघांसाठी प्राणवायूची गरज सुमारे एकपंचमांशाने वाढलेली असते. म्हणजे साठा कमी आणि खर्च अधिक. अशा फुप्फुसाला सूज आली की इतरांना जो उतार दोन दिवसांत जाणवतो, तो हिला काही तासांत जाणवू शकतो. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते आणि कोरोना ती आणखी वाढवतो. अतिदक्षता विभागात जाण्याची पाळी, मुदतीपूर्वी प्रसूती, रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका आणि गर्भातच मूल दगावणे, या चारही गोष्टी बाधित गर्भवतींत अधिक आढळल्या आहेत. मधुमेह, रक्तदाब किंवा क्षय असलेल्या स्त्रीला धोका आणखी मोठा असतो.

लसीविषयीची शंका अजूनही वस्त्यावस्त्यांतून ऐकू येते. तिला झिडकारून चालणार नाही, उत्तर दिले पाहिजे. या लसींत वाढू शकणारा जिवंत कोरोना विषाणू नसतो, त्यामुळे लसीने कोरोना होत नाही. लस घेतलेल्या लक्षावधी गर्भवतींच्या पाहणीत गर्भपाताचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. उलट आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिकारद्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि ज्या पहिल्या महिन्यांत बाळाला स्वतःला लस देता येत नाही, त्या काळात त्याला आधार देतात. धनुर्वाताची लस आपल्या स्त्रिया गरोदरपणात वर्षानुवर्षे घेत आल्या आहेत; तिचे तत्त्वही हेच आहे. स्कॉटलंडमध्ये 2020च्या डिसेंबरपासून 2021च्या ऑक्टोबरपर्यंत कोरोनामुळे अतिदक्षता विभागात गेलेल्या गर्भवतींपैकी 98 टक्के लस न घेतलेल्या होत्या. लसीनंतर ताप आणि दंड दुखणे हे नेहमीचे त्रास. कोविशिल्डने रक्ताच्या गाठी होण्याचा प्रकारही घडला, तो लाखात किंवा पाच लाखांत एखादा, असे 2021 साली शासनानेच सांगितले होते. हा धोका लपवण्याचे कारण नाही. तो आजाराच्या धोक्यापुढे किती लहान होता, एवढेच सांगायचे आहे.

आता घरच्या शुश्रूषेकडे वळू, कारण बहुतेक बाधित गर्भवती घरीच बऱ्या होतात आणि चूक होते तीही घरीच. एक उदाहरण घेऊ. यंत्रमागाच्या गावात एका खोलीत राहणारी, सातवा महिना लागलेली, हिमोग्लोबिन साडेआठ असलेली एक स्त्री कल्पावी. पहिल्या दिवशी घसा दुखतो आणि अंग तापते. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणीत कोरोना निघतो. तिला वेगळी खोली द्या, हा सल्ला येथे निरुपयोगी आहे. खिडकी व दार उघडे ठेवणे, तिचे अंथरूण खिडकीजवळ लावणे, तिने व शुश्रूषा करणाऱ्याने मुखपट्टी बांधणे, हे मात्र शक्य आहे. तापासाठी पॅरासिटॅमॉलची 500 किंवा 650 मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने आणि दिवसात चारपेक्षा अधिक नाही. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके तिने स्वतःहून घेऊ नयेत. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात, पाणी, पेज, ताक भरपूर घ्यावे आणि डाव्या कुशीवर निजावे. दुसऱ्या लाटेत ज्या पालथे झोपण्याचा गवगवा झाला, तो उपाय हिने घरी करायचा नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. नेमकी येथेच गफलत होते. फुप्फुसांचा बिघाड बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतो. म्हणून या दिवसांत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने सकाळ, दुपार आणि रात्री प्राणवायूचे माप घ्यावे. बोट गरम असावे, नखावर रंग नसावा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे. समजा, पाचव्या दिवशी माप 97 आहे, सहाव्या दिवशी सकाळी 95 आणि सायंकाळी 93. बाई म्हणते, थकवा आहे, एरवी बरे आहे. या 'बरे आहे'वर विश्वास ठेवता कामा नये. गर्भवतीचे माप 95च्या खाली उतरले की त्याच सायंकाळी, रात्र न घालवता, रुग्णालय गाठले पाहिजे. 

येथे रक्तक्षयाची गोष्ट विसरता येणार नाही. ऑक्सिमीटर रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूने कितपत भरले आहे एवढेच सांगतो. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे सांगत नाही. ज्या गाडीत निम्मेच डबे आहेत, ते सर्व भरलेले असले तरी माल निम्माच पोचणार. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे, असे 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. म्हणून साडेआठ हिमोग्लोबिनच्या स्त्रीचे माप 96 असले आणि तिला चार पावले चालताना धाप लागत असली, तर मापावर नव्हे, धापेवर विश्वास ठेवावा.

मापाची वाट न पाहता निघण्याच्या खुणाही प्रत्येक घरात माहीत असाव्यात. बसल्या जागी धाप लागणे किंवा एक वाक्य सलग बोलता न येणे. छातीत दुखणे किंवा दडपण. ओठ निळसर होणे. गुंगी किंवा असंबद्ध बोलणे. तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप. पाणीही न टिकणे. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणे. गरोदरपणाच्या आपल्या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या: बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा मंदावणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, मुदतीपूर्वी कळा येणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके. यांपैकी एक जरी दिसली तरी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि फोनवरच गर्भवती व कोरोनाबाधित या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. प्राणवायू कमी झालेल्या गर्भवतीला स्टिरॉइड देता येते व दिले जाते, पण ते रुग्णालयात. दुसऱ्या लाटेत पहिल्याच दिवसापासून औषधाच्या दुकानातून आणून ते घेण्याची जी चाल पडली, ती घातकच होती. केवळ कोरोना झाला म्हणून शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची गरज नसते, हेही कुटुंबाला ठाऊक असावे. मुखपट्टी बांधून व हात धुऊन आईने बाळाला अंगावर पाजावे.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आज बहुतेकांच्या शरीरात पूर्वीच्या लसीची किंवा संसर्गाची प्रतिकारशक्ती आहे आणि आजार बहुधा सौम्य असतो. तरीही विषाणू गेलेला नाही. 2025च्या मे-जूनमध्ये देशात रुग्ण पुन्हा वाढले होते. प्रत्येक गरोदरपणात लसीची एक मात्रा घ्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. परंतु देशातील मोठी लसीकरण मोहीम संपली आहे, आणि जेथे सरकार हात काढून घेते, तेथे लस ज्याला परवडेल त्याची होते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. साथीच्या प्रत्येक नव्या लसीच्या चाचणीत, पुरेशा खबरदारीनंतर, इच्छुक गर्भवतींचा समावेश प्रारंभापासून व्हावा. प्रत्येक उपकेंद्रात चालू स्थितीतील ऑक्सिमीटर आणि हिमोग्लोबिन तपासणी असावी. तपासणीचा कागद नाही म्हणून कळा देणाऱ्या स्त्रीला कोणत्याही रुग्णालयाने परत पाठवू नये. आणि गर्भवतीच्या दारी पाचव्या दिवशी जाऊन माप घेणारी जी आशा कार्यकर्ती आहे, जिला 2021च्या जूनमध्ये मोबदल्यासाठी संप करावा लागला, तिला कामगार म्हणून मान्यता व पूर्ण वेतन मिळावे. गर्भवतीचे खरे संरक्षण तिला मोहिमेच्या यादीबाहेर ठेवल्याने होत नाही; ते त्या पाचव्या दिवसाच्या भेटीने होते. ती भेट आपल्या वस्तीत होते की नाही, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे आणि होत नसेल तर आरोग्य केंद्राला जाब विचारावा.