चहाच्या फ्रँचायझीची पोस्ट: ‘फक्त ५ लाखांत’ नक्की काय काय येतं?

“प्रसिद्ध चहाचा ब्रँड आता तुमच्या शहरात! गुंतवणूक फक्त ५ लाख, रॉयल्टी शून्य, नफा ५० टक्के, कंपनीचा संपूर्ण सपोर्ट. माहितीसाठी कमेंटमध्ये ‘चहा’ लिहा.”

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडलं की दोन-चार दिवसांत अशी एखादी पोस्ट समोर येतेच. खाली शेकडो लोकांनी ‘चहा’ लिहिलेलं असतं. पुण्याच्या अमृततुल्यांनी चहाला आधीच नाव मिळवून दिलं होतं. पुढे चहाच्या दुकानांच्या साखळ्या तयार झाल्या आणि आता तालुक्याच्या गावातही एकाच चौकात दोन-तीन ब्रँडचे बोर्ड दिसतात.

यातल्या सगळ्याच पोस्ट फसव्या नसतात. काही कंपन्या खर्च नीट फोड करून सांगतात. पण पोस्टमधला प्रत्येक शब्द खरा असूनही वाचणाऱ्याचा हिशोब चुकू शकतो. तो कसा, हे एका उदाहरणावरून बघू. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, ते कुठल्याही एका कंपनीचे नाहीत.

५ लाखांचे साडेनऊ लाख कसे होतात?

समजा, ५ लाखांत २ लाख फ्रँचायझी फी आहे आणि ३ लाखांत काउंटर, भांडी, मशीन, बोर्ड आणि फर्निचर येतं. या रकमेवर साधारण १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९० हजार. पोस्टमध्ये तो बहुतेक वेळा ‘प्लस टॅक्स’ अशा बारीक अक्षरांत असतो.

अनेकांना वाटतं, जीएसटी काय, नंतर वजा करून मिळेल. इथेच गोची आहे. चहा-नाश्त्याच्या दुकानाला ५ टक्के दराने कर भरावा लागतो आणि त्या दरात खरेदीवरचा कर वजा करून मिळत नाही. म्हणजे हे ९० हजार खिशातून गेले ते गेलेच.

पुढचे खर्च पोस्टमध्ये नसतात, कारण ते कंपनीला द्यायचे नसतात. गाळ्याचं डिपॉझिट १ लाख, पहिला माल ४० हजार, लायसन्स आणि कमर्शियल मीटर मिळून २० हजार. दुकान पहिल्या दिवसापासून पोट भरत नाही, म्हणून तीन महिन्यांचं भाडं आणि पगार हाताशी ठेवावे लागतात. भाडं २० हजार आणि तीन माणसांचे पगार ४२ हजार धरले, तर ही रक्कम होते १ लाख ८६ हजार. सगळं मिळून ९ लाख ३६ हजार.

‘५० टक्के नफा’ म्हणजे किती कप?

१० रुपयांच्या कपात दूध अडीच रुपयांचं, कंपनीकडून घ्यायचा चहा-मसाला १ रुपया २० पैशांचा. साखर, गॅस आणि कागदी कप मिळून १ रुपया ३० पैसे. एकूण ५ रुपये. उरले ५. झाला ५० टक्के नफा! पोस्ट खोटं बोलत नाही, पण हा कपावरचा नफा आहे, दुकानाचा नाही.

दुकानाचा नफा काढायचा तर आधी महिन्याचा ठरलेला खर्च बघायचा. भाडं, पगार आणि ६ हजारांचं वीज-पाणी मिळून तो ६८ हजार होतो. कपामागे ५ रुपये सुटतात, म्हणून एवढे पैसे काढायलाच रोज साधारण ४५३ कप विकावे लागतात. मालकाला तोवर एक रुपयाही मिळालेला नसतो. त्याला महिन्याला ३० हजार हवे असतील, तर हा आकडा ६५३ कपांवर जातो. दुकान १४ तास उघडं ठेवलं, तर दर सव्वा मिनिटाला एक कप, आणि तोही पावसात, सुट्टीत, उन्हाळ्यातल्या दुपारी.

आणखी एक गोष्ट. रोज ६५३ कप म्हणजे वर्षाला २० लाखांच्या वर विक्री, आणि त्यापुढे जीएसटी नोंदणी लागते. कपाचा दर १० रुपयेच ठेवला तर त्यातले सुमारे ४८ पैसे करात जातात. मग तेच ३० हजार मिळवायला रोज ७२० च्या वर कप विकायला हवेत. म्हणून पैसे भरण्याआधी ठरवलेल्या गाळ्यासमोरच्या चालत्या दुकानात वहीपेन घेऊन बसा. एक आठवडा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, किती कप जातात ते मोजा.

रॉयल्टी शून्य, मग कंपनी कमावते कशावर?

कंपनीला दोन ठिकाणांहून पैसे मिळू शकतात. एक, नव्या लोकांची फी. दोन, जुन्या दुकानांना विकलेला चहा-मसाला. दुसऱ्या प्रकारात तुमचे कप वाढले तरच कंपनीची कमाई वाढते, म्हणून तिला तुमची काळजी असते. पण सगळा जोर नव्या फीवर असेल, तर दुकान उघडलं की तुमचं काम तिच्यासाठी संपतं. मग त्याच रस्त्यावर ५०० मीटरवर दुसरं दुकान द्यायलाही तिची हरकत नसते.

कंपनीचाच माल घ्यायची अट यात काही वावगं नाही. सगळीकडे चव सारखी राहायची तर ती लागतेच. प्रश्न भावाचा आहे. मसाल्याचा खर्च कपामागे ५० पैशांनी वाढला, तर वर करामुळे जेवढा फटका बसला तेवढाच पुन्हा बसतो. भाव कधी आणि किती वाढू शकतो, हे करारात लिहिलेलं असावं.

‘संपूर्ण सपोर्ट’ कागदावर कसा दिसतो?

सपोर्ट हा शब्द मोजता येत नाही, म्हणून तो तोडून विचारायचा. ट्रेनिंग किती दिवसांचं, आणि कारागीर महिन्याभरात सोडून गेला तर दुसऱ्याला कोण शिकवणार? जागा शोधून देणार, की आपण शोधलेल्या जागेला फक्त होकार देणार? किती अंतरात दुसरं दुकान देणार नाही? दुकान बंद करावं लागलं तर मशीन परत घेणार का, आणि कोणत्या भावाने?

अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी खर्च, कोर्टातले वाद आणि बंद पडलेल्या दुकानांची माहिती लेखी द्यावी लागते. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. सगळं चालतं ते १८७२ च्या करार कायद्यावर आणि ट्रेडमार्कच्या कायद्यावर. त्यामुळे फोनवर दिलेला शब्द करारात नसेल, तर पुढे तो सिद्ध करणं फार अवघड जातं.

एक गोष्ट मात्र घरबसल्या तपासता येते. केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या वेबसाइटवर ब्रँडचं नाव टाकून शोधा. हॉटेल-कॅफेसाठी ४३ वा वर्ग असतो आणि चहासाठी ३० वा. तिथे नाव नोंदलेलं आहे, की त्यावर आक्षेप किंवा विरोध चालू आहे, हे दिसतं. नावावरच वाद असेल, तर उद्या बोर्ड उतरवायची वेळ येऊ शकते, आणि फी तर भरून झालेली असते.

कमेंटमध्ये ‘चहा’ लिहिलं की फोन येतोच. त्या फोनवर चालू दुकानांची यादी ते स्वतःहून देतील. तुम्ही गेल्या दोन वर्षांत बंद पडलेल्या दुकानांची यादी मागा, आणि ती मिळाली तर त्यातल्या दोघांना तरी भेटा. जी कंपनी ही यादी देते, तिच्याशी पुढचं बोलायला हरकत नाही. जी विषय बदलते किंवा ‘ऑफर आजच संपतेय’ म्हणते, तिथे तुमचे साडेनऊ लाख तुमच्याकडेच राहिलेले बरे.