स्वप्नात सुटणारी सात-बावन्न

मुंब्रा, कौसा, दिवा, नालासोपारा किंवा गोवंडीत राहून शहरात नोकरीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, गाडी सुटल्याचं स्वप्न त्याला पडलेलं असतं. तपशील बदलतात. कुणाला जिन्यावरून उतरताना गाडी हलताना दिसते, कुणाला इंडिकेटरवर प्लॅटफॉर्मचा आकडा ऐनवेळी बदललेला दिसतो, कुणी धावतो पण पायच उचलत नाहीत. बेस्टच्या बसवाल्यांच्या स्वप्नात बस थांब्यावर न थांबताच पुढे निघून जाते. दुसऱ्या दिवशी डब्यात हे सांगितलं की चौघंजण हसून म्हणतात, ‘अरे, मलाही.’

घरात सांगितलं तर वेगळं होतं. माझ्या नानीने ऐकल्याबरोबर सदका काढायला लावला होता. गल्लीतल्या एका बुजुर्गांनी ख्वाबनाम्यात ‘सवारी चुकणे’ शोधून पाहिलं. तिथे उंट होता, घोडा होता, काफिला होता. लोकल कुठून असणार? स्वप्नांच्या ताबीरीचे बहुतेक ग्रंथ ज्यांच्या नावावर आहेत ते इब्न सिरीन आठव्या शतकात वारले. त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्याच परंपरेत स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आपण सोयीने विसरतो. शुभ संकेत देणारं, सैतानाकडून घाबरवणारं, आणि तिसरं म्हणजे माणसाचं मन दिवसभर जे बोलत राहतं तेच रात्री दिसणारं. सात-बावन्नची स्लो ज्याला रोज धरायची आहे, त्याच्या स्वप्नात सात-बावन्न सुटणं हे या तिसऱ्या प्रकारात बसतं. त्यासाठी ताईत लागत नाही.

हे स्वप्न बहुतेक वेळा पहाटे पडतं, आणि त्यालाही कारण आहे. झोपेच्या ज्या टप्प्यात डोळे बंद पापण्यांखाली भराभर हलतात, त्याला रेम झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. म्हणून फजरला उठून, नमाज पढून जो पुन्हा तासभर आडवा होतो, त्याची ती दुसरी झोप स्वप्नांनी भरलेली असते. त्यातच सव्वासहाचा अलार्म वाजतो. झोपलेल्या मेंदूला बाहेरचा आवाज कधी कधी स्वप्नात ओढून घेता येतो, त्यामुळे अलार्मचा गाडीचा भोंगा होतो. त्याच क्षणी जाग आल्याने स्वप्न लख्ख आठवतं. पाय न उचलणं याचंही एक स्पष्टीकरण दिलं जातं: रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण झोपेतच धावत सुटलो असतो.

हे झालं स्वप्न कसं पडतं त्याबद्दल. गाडीच का सुटते, हे पाहायचं तर आपला रोजचा हिशोब मांडावा लागतो. माझाच घ्या. कार्यालय लोअर परळला, वेळ साडेनऊ. साडेसातला कौशातून शेअर रिक्षा, सात-बावन्नची स्लो, दादरला नऊच्या सुमारास उतरणं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जाणं, तिथून दोन स्टेशनं, मग दहा-बारा मिनिटं पायी. सगळं जमलं तर सव्वानऊ ते नऊ पंचवीस यांच्यामध्ये मी यंत्रावर बोट ठेवतो. म्हणजे दोन तासांच्या प्रवासात सैल जागा जेमतेम पाच-पंधरा मिनिटांची.

या साखळीत चार कड्या आहेत: रिक्षा, पहिली गाडी, दादरचा पूल आणि दुसरी गाडी. यातली प्रत्येक कडी दहापैकी नऊ दिवस वेळेवर चालते असं धरू. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण चारही कड्या एकाच दिवशी नीट चालल्या पाहिजेत, आणि ०.९ चा चार वेळा गुणाकार केला तर उत्तर ०.६६ च्या आसपास येतं. म्हणजे दर तीन दिवसांतला एक दिवस कुठेतरी काहीतरी अडणार. महिन्याचे कामाचे 26 दिवस धरले तर जवळपास नऊ दिवस. माणूस आळशी नसताना, वेळेवर उठत असताना, नऊ दिवस. मनाला गणित येत नसलं तरी हा धोका त्याला बरोबर कळलेला असतो. स्वप्न त्या नऊ दिवसांचं असतं.

‘मग अर्धा तास आधी निघा’ हा सल्ला साहेब लोक देतात. ते स्वतः बहुतेक गाडीने येत नाहीत, हे जाता जाता. अर्धा तास आधी निघायचं तर तो अर्धा तास झोपेतूनच कापला जातो, कारण संध्याकाळी घरी पोहोचायला साडेनऊ होतात. बाईच्या बाबतीत तर डबे, पाणी, मुलांची शाळा यांच्यासाठी ती आधीच पाचला उठलेली असते. तिच्याकडे कापायला झोपही शिल्लक नसते.

आता दुसरा हिशोब. माझ्या एका जुन्या कार्यालयात नियम होता: दहा मिनिटांची सूट, त्यानंतर लेट मार्क, आणि तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. हा नियम तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. समजा पगार 18,000 आणि कामाचे दिवस 26. दिवसाला सुमारे 692 रुपये पडले. आठ तासांचा दिवस धरला तर मिनिटाला दीड रुपयापेक्षा थोडे कमी. कुणी तीन दिवस दहा-दहा मिनिटं उशिरा आला तर त्याने काम न केलेल्या अर्ध्या तासाची किंमत 43 रुपये होते. कापले जातात 346. आठपट.

हे फक्त अन्यायाचं वाटतं म्हणून मी बोलत नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट तत्त्व होतं की गैरहजेरीपोटी होणारी कपात ही गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच असली पाहिजे. 2019 च्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम ठेवलं आहे. म्हणून हुशार मालक पगाराला हात लावत नाहीत, अर्धी रजा कापतात, आणि मग तुमची ईदची किंवा आजारपणाची रजा नोव्हेंबरातच संपलेली असते. वेतनाचं तत्त्व अशा रजाकपातीला सरळ लागू होईलच असं नाही. तिथे नेमणूकपत्र आणि कंपनीचे स्थायी नियम पाहावे लागतात. पण पगार कापला जात असेल तर पगारचिठ्ठी जपून ठेवा, लेट मार्कच्या तारखा आणि मिनिटं लिहून ठेवा, आणि कपात कोणत्या नियमाखाली केली ते लेखी विचारा. तोंडी विचारलं तर उत्तर नेहमी ‘कंपनीची पॉलिसी आहे’ असंच मिळतं.

सिग्मंड फ्रॉइडने 1899 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वप्नमीमांसेच्या ग्रंथाला पुढे भर घालताना गाडी चुकण्याच्या स्वप्नाची दखल घेतली आहे. त्याच्या मते प्रवासाला निघणं हे मृत्यूचं प्रतीक असतं. आपल्यालाही हे परकं नाही. आपण ‘ते गेले’ म्हणतो, आणि इंतकाल या शब्दाचा मूळ अर्थसुद्धा एका जागेवरून दुसरीकडे जाणं असाच आहे. म्हणून, फ्रॉइड म्हणतो, गाडी चुकल्याचं स्वप्न खरं तर दिलासा देतं: घाबरू नकोस, तू जात नाहीयेस. मला त्याची प्रतीकं एरवी फारशी पटत नाहीत. सगळ्याच स्वप्नांना एकच किल्ली लावायची त्याची हौस ख्वाबनाम्यापेक्षा वेगळी नाही. पण मुंब्र्यात हे वाक्य प्रतीक राहत नाही.

9 जून 2025 च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. दारात, फुटबोर्डवर लटकलेली माणसं होती ती. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. दारं बंद व्हायला हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण दारात लटकणारा माणूस तिथे हौसेने गेलेला नसतो. भरलेली गाडी समोर आहे, पुढची काही मिनिटांनी आहे, आणि त्या काही मिनिटांची किंमत अर्धा दिवस आहे. हा सौदा त्याच्यापुढे प्लॅटफॉर्मवर कुणी ठेवला? रेल्वेने नाही. तो लोअर परळच्या वातानुकूलित मजल्यावर, लेट मार्कच्या तक्त्यात ठरलेला असतो. मध्य रेल्वेने मुंबईतल्या कार्यालयांना वेळा मागेपुढे करण्याचं आवाहन केलं आहे, ते याच गर्दीसाठी. कार्यालयं मात्र अपघाताच्या दिवशी हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी यंत्र नऊ चाळीसलाच लाल होतं.

प्रत्येक स्वप्नामागे मालकच असतो, असं मी म्हणत नाही. अधूनमधून गाडी सुटल्याचं स्वप्न निवृत्त माणसालाही पडतं. फरक ओळखायचा तर दोन-तीन आठवडे तारखा लिहून पाहा. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने लिहिल्या होत्या. रविवारच्या रात्री आणि महिनाअखेरीला स्वप्न हमखास, शनिवारच्या रात्री एकदाही नाही, आणि बकरी ईदच्या सुट्टीत गायब. एवढं साफ चित्र असेल तर गोष्ट झोपेची कमी आणि हजेरीपटाची जास्त आहे. पण सुट्टीतही स्वप्न सुटत नसेल, छाती धडधडून जाग येत असेल, झोपायचीच भीती वाटू लागली असेल, तर डॉक्टरकडे जायला हवं.

त्याच मैत्रिणीने पुढे नोकरी बदलली. नव्या ठिकाणी लेट मार्क नाही. महिन्याला एकूण 120 मिनिटांचा उशीर माफ, त्यावरची मिनिटं त्याच आठवड्यात संध्याकाळी भरून द्यायची. सुरुवातीला तिथल्या व्यवस्थापकाला वाटलं होतं की सगळे दहाला येतील. दोघं आले, त्यांच्याशी वेगळं बोलणं झालं, बाकीचे पूर्वीसारखेच साडेनऊच्या आसपास येत राहिले. ती आजही सात-बावन्नसाठीच घरातून निघते. गाडी फारच भरून आली तर बाकावर बसून राहते आणि पुढची घेते.