मुलाला पोटगी मिळेल, वारसा नाही

लिव्ह-इनचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक जुम्म्याच्या बयानातला: हराम आहे, विषय संपला. दुसरा पुण्याच्या हिंजवडीतल्या चहाच्या टपरीवरचा: कागद कशाला, सुप्रीम कोर्टानेच मान्यता दिलीय, पोरगी सोडून गेली तर पोटगीही मिळते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मूळचा वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनचा आहे, त्यामुळे दोन्ही आवाज पुरेसे ऐकलेत. दोन्ही अर्धवट आहेत, आणि त्या अर्धवटपणाची किंमत बोलणारे मोजत नाहीत. मोजते ती बाई, आणि तिच्याहून जास्त मोजतं ते मूल.

आधी टपरीवाल्या मित्रांचा गैरसमज. दोन सज्ञान माणसं लग्नाशिवाय एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही, एवढंच न्यायालयांनी म्हटलंय. गुन्हा नसणं आणि लग्नाचा दर्जा मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पोटगीचं जुनं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं, ते पत्नीला पोटगी देतं. पत्नी म्हणजे लग्नाची बायको, किंवा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न न केलेली बाई. जोडीदार हा शब्द त्यात नाही. महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये या व्याख्येत पत्नीसारखी राहणारी बाई घालण्याचा प्रस्ताव मंजूर केला होता, मलिमथ समितीच्या २००३ च्या शिफारशीवरून. तो कायदा झाला नाही. नवी संहिता आली तेव्हाही व्याख्या जुनीच राहिली.

आपल्या राज्यातला एक खटला मात्र प्रत्येकाने वाचावा असा आहे: बादशाह विरुद्ध उर्मिला बादशाह गोडसे. नावावरून आपल्यातलं प्रकरण वाटेल, पण दोघं हिंदू. नगर जिल्ह्यातल्या हिवरगाव पावसाच्या देवगड मंदिरात फेब्रुवारी २००५ मध्ये लग्न झालं. तीन महिन्यांनी घरात दुसरी बाई आली आणि मीच याची बायको आहे म्हणाली. नवऱ्याने पहिलं लग्न लपवलं होतं. ही गरोदर होती, माहेरी गेली, नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. न्यायालयाने तिला महिना १,००० आणि मुलीला ५०० रुपये पोटगी दिली. नवरा त्या दीड हजारासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्याचं म्हणणं एकच: पहिली बायको हयात असल्याने हे लग्नच बेकायदा, मग ही पत्नी कशी? ऑक्टोबर २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की फसवणाऱ्याला स्वतःच्या फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही; या कलमापुरती ती पत्नीच.

पण या निकालाच्या आधारावर कोणी उड्या मारू नयेत. तिला माहीत नव्हतं म्हणून तिला मिळालं, आणि निदान लग्नाचा विधी तरी झाला होता. पुढच्याच महिन्यात, इंद्रा सरमा खटल्यात, अनेक वर्षं सोबत राहिलेल्या बाईला त्याच सुप्रीम कोर्टाने नकार दिला, कारण पुरुष विवाहित आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अविवाहित जोडीदारासाठी खरा दरवाजा आहे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यात विवाहासारखं नातं असे शब्द आहेत आणि धर्माची अट नाही. २०१८ मध्ये ललिता टोप्पो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पत्नी नसलेली जोडीदारही या कायद्याखाली खर्च मागू शकते, शिवाय राहायला छप्परही. मात्र विवाहासारखं म्हणजे काय, याची कसोटी २०१० च्या वेलुसामी निकालात आहे: दोघं लग्नाच्या वयाचे, अविवाहित, बऱ्याच काळापासून स्वेच्छेने एकत्र, आणि समाजापुढे नवरा-बायकोसारखे वावरणारे. शेवटची अट नीट वाचा. आपली मुलं नेमकं उलट करतात. गावाकडे रूममेट सांगतात, घरमालकाला भाऊ-बहीण सांगतात, आणि हुशार असतील तर वकिलाकडून आम्ही विवाहित नाही असा करारनामा करून घेतात. सुरक्षिततेसाठी केलेला तो कागद उद्या तिच्याच विरोधात उभा राहतो.

आता मुलाचं. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो.

पोटगीपुरतं मूल सुरक्षित आहे. कलमातच औरस किंवा अनौरस असं लिहिलंय. बापाने निकाह नाकारला तरी चालेल; तो बाप आहे एवढं सिद्ध झालं की मूल सज्ञान होईपर्यंत खर्च द्यावा लागतो. पण हा हक्क बाप जिवंत असेपर्यंतचा. त्याच्या पाठीमागे काय राहतं ते हिशोबाने पाहू.

समजा आपल्या जिल्ह्यातला एक मुलगा पुण्यात सहा वर्षं एका मुलीसोबत राहतोय. दोघं मुसलमान, निकाह नाही, चार वर्षांची मुलगी आहे. ६० लाखांचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, कर्ज फिटलेलं. तो एकुलता एक, आईबाप गावी. एका रात्री एक्स्प्रेसवेवर अपघातात तो जातो.

हनफी वारसा कायद्याने आईला एक तृतीयांश, २० लाख. उरलेले ४० लाख बापाला. सोबत राहिलेल्या बाईला शून्य. मुलीला शून्य. अनौरस मूल हनफी कायद्यात फक्त आईकडून वारस होतं, बापाकडून नाही.

हाच मुलगा, हाच फ्लॅट, फक्त निकाह झालेला. बायकोला आठवा हिस्सा, साडेसात लाख. मुलीला अर्धा, ३० लाख. आईला सहावा, १० लाख. बापाला सहावा आणि वर उरलेला चोविसावा हिस्सा मिळून साडेबारा लाख. बेरीज ६०. या मुलीने दोन्ही गणितांत काही वेगळं केलेलं नाही. तिचे ३० लाख एका कृतीने आले किंवा गेले, आणि ती कृती तिच्या जन्माआधीची आहे.

कोणी म्हणेल, हा मुस्लिम कायद्याचा दोष. थांबा. हिंदू वारसा कायद्यातही विधीच न झालेल्या नात्यातलं मूल आईचंच धरलं जातं. हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ मुलाला औरस ठरवतं ते रद्दबातल लग्नातल्या, म्हणजे काहीतरी लग्न झालेलं असावं लागतं. आपल्याकडेही तसा आधार आहे. साक्षीदार नसलेला निकाह फासिद, म्हणजे सदोष असतो, बातिल नाही. आणि फासिद निकाहचं मूल बापाचं वारस होतं. बायकोच्या बहिणीशी केलेला निकाह फासिद की बातिल, यावर मुंबई आणि कलकत्ता हायकोर्टांत शंभरेक वर्षं मतभेद होता. २००८ मध्ये चांद पटेल विरुद्ध बिस्मिल्ला बेगम या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मुंबईची बाजू घेतली आणि फासिद निकाह रद्द होईपर्यंत पोटगीही लागू होते असं सांगितलं. याशिवाय इक्रार आहे: बापाने हे माझं औरस मूल म्हणून स्वीकारलं आणि आईबापांत निकाह शक्य होता, तर ते मूल औरस धरलं जातं. सर सय्यद यांचे चिरंजीव न्यायमूर्ती महमूद यांनी १८८८ मध्ये अलाहाबादेत हे तपशिलाने मांडलं. मर्यादा एकच: निकाह झालाच नव्हता असं सिद्ध झालं तर इक्रारही मुलाला वाचवू शकत नाही. आणि तो वकिलाचा करारनामा नेमकं तेच सिद्ध करतो.

म्हणजे फिक्हने मुलाला बापाशी जोडण्यासाठी जमेल तेवढे दरवाजे उघडे ठेवले. ते बंद केले आपण. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. लागतात इजाब, कबूल आणि दोन साक्षीदार, मेहर ऐपतीप्रमाणे. हॉल नाही, जहेज नाही, पाचशे पानांची दावत नाही. प्रत्यक्षात बिरादरी बाहेरची म्हणून नकार, पगार कमी म्हणून नकार, मोठ्या बहिणीचं व्हायचंय म्हणून चार वर्षं थांब. शहरात एकट्याने नोकरी करणारी दोन माणसं चार वर्षं थांबत नाहीत. निकाह महाग करणारेच लिव्ह-इनला सगळ्यात मोठ्याने शिव्या घालतात, आणि जन्मलेल्या मुलासाठी त्यांच्याकडे एकच शब्द असतो, जो मी इथे लिहिणार नाही. एकाच्या गुन्ह्याचं ओझं दुसऱ्यावर नाही, हे आपण कुराणातूनच शिकलो ना? हदीसमधली गामिदिया बाई स्वतः गुन्हा कबूल करायला आली, तेव्हा आधी बाळंतपण, मग मुलाचं दूध सुटणं, इतका काळ तिला परत पाठवलं गेलं. मुलाचा विचार आधी झाला. आपल्या जमातीच्या बैठकीत तो शेवटीही होत नाही.

आंतरधर्मीय जोडप्यांची गोष्ट निराळी. त्यांना विशेष विवाह कायदा आहे, पण तीस दिवसांची जाहीर नोटीस लागते, आणि आजच्या हवेत ती नोटीस म्हणजे टोळक्याला दिलेला पत्ता. अनेक जण केवळ त्या भीतीने लिव्ह-इनमध्ये राहतात. त्यांना नैतिकता शिकवणाऱ्यांनी आधी त्या नोटीस-बोर्डासमोर उभं राहून बघावं.

उत्तराखंडचा समान नागरी कायदा जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. त्यात लिव्ह-इनचं मूल औरस ठरतं आणि सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते. हे दोन्ही बरोबर आहे, मी उघड सांगतो. पण त्यासोबत नोंदणीची सक्ती आहे, महिन्याभरात नोंद केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, माहिती पोलीस ठाण्याला, आणि वय २१ पेक्षा कमी असेल तर आईबापांनाही. मुलाचा हक्क द्यायला पोलीस कशाला लागतात? औरस ठरवण्याचं कलम एकटंही लिहिता येतं. महाराष्ट्रात मागणी करायची तर तेवढ्या एका कलमाची करू.

तोवर त्या जोडप्याने काय करावं? पहिलं उत्तर निकाहच, आणि तो करणाऱ्या काझीसाहेबांनी बाप कुठे आहे, बिरादरी कोणती, हे विचारणं सोडावं. तेही जमत नसेल तर वसीयत. मुस्लिम कायद्यात एक तृतीयांशपर्यंत वसीयत वारस नसलेल्याला करता येते, आणि अनौरस मुलगी वारस नाही, म्हणून तिच्या नावे ती करता येते. इतर वारसांची संमती लागत नाही. वरच्या उदाहरणात २० लाख. त्याहून जास्त द्यायचं तर हयातीत हिबा, पण त्यात देणं, स्वीकारणं आणि ताबा हे तिन्ही खरोखर व्हावं लागतं, आणि घर बँकेकडे गहाण असेल तर बँक मध्ये येते. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून नाव घालून निर्धास्त होऊ नका. नॉमिनी आणि वारस एक नव्हेत.

या वादांना किती वेळ लागतो हे आमच्या गावाला कोणी सांगायला नको. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर दोन पंथांच्या वादात चाळीसएक वर्षं कुलूपबंद राहिलं, ते २०२३ मध्ये उघडलं. देव थांबू शकतो. चार वर्षांच्या मुलीची शाळेची फी जूनमध्येच भरावी लागते.