बैठक अलीकडे आणताना



वागळे इस्टेटमध्ये पंपाचे सुटे भाग करणारे एका परिचित कुटुंबाचे युनिट आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असून संचालक चारच : दोन बंधू, थोरल्यांचा मुलगा आणि धाकट्यांच्या पत्नी. नव्या यंत्रासाठी बँकेने कर्ज मंजूर केले होते. त्याच्या ठरावासाठी 20 तारखेच्या शनिवारी संचालकांची बैठक ठरली आणि 8 तारखेलाच सूचनाही गेली. 11 तारखेला थोरल्या बंधूंच्या ध्यानात आले की, मंजुरीपत्राची मुदत 15 तारखेच्या सोमवारी संपते. रात्री दहा वाजता त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली : ‘20 ची बैठक रद्द. उद्या संध्याकाळी 6 वाजता बैठक, सर्वांनी यावे.’

धाकटे बंधू तेव्हा ओतीव भागांच्या कामासाठी कोल्हापुरास गेलेले. घरी पर्युषणाचे दिवस. त्यांच्या पत्नीच्या अठ्ठमाचा दुसरा उपवास, आणि संध्याकाळी सहा म्हणजे प्रतिक्रमणाच्या तयारीची वेळ. दोघेही येऊ शकणार नाहीत, हे उघड होते. धाकट्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, ‘दादांना आमच्याविना काही करायचे आहे का?’ थोरल्यांच्या मनात तसे काहीही नव्हते. परंतु त्या एका ओळीत कारण नव्हते आणि विचारणाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले माझ्याकडे आले. मी प्रथम विचारले, बैठक खरोखर अलीकडे घ्यावी लागेल का? मुदतवाढ मागता येते. पण तो निर्णय बहुधा शाखेत होत नाही, कर्ज मंजूर करणाऱ्या वरिष्ठांकडे जातो, आणि त्यास लागणारे दिवस आपल्या हाती नसतात. कागद फिरवून सह्या घेण्याचा मार्गही बंद होता. कारण कंपनी कायदा 2013 च्या कलम 179 प्रमाणे कर्ज घेण्याचा ठराव संचालकांच्या बैठकीतच व्हावा लागतो. म्हणजे बैठक हवीच होती, आणि 15 पूर्वी हवी होती.

कलम 173 प्रमाणे संचालकांच्या बैठकीस 7 दिवसांची लेखी सूचना लागते. तातडीच्या कामासाठी ती कमी मुदतीची चालते. मात्र ती कमी मुदतीची आहे, हे सूचनेतच लिहावे लागते. येथे एक बारकावा आहे. चार संचालकांत गणपूर्ती दोघांनीच होते. पिता-पुत्र बसले तरी बैठक भरते. परंतु ज्या कंपनीत स्वतंत्र संचालक नाहीत, तेथे कमी मुदतीच्या बैठकीतील निर्णयास एकूण संचालकांच्या बहुमताची संमती लागते, बैठकीतच किंवा मागाहून. चारांचे बहुमत म्हणजे तीन. शिवाय बँकेला धाकट्या बंधूंची वैयक्तिक हमीही हवी होती. त्यांना वगळून हे काम पुढे जाणारच नव्हते.

मग थोरल्यांनी आधी फोन केला. ‘शनिवारी 13 ला दुपारी अडीचला जमेल का? कोल्हापुरातून व्हिडिओवर आलास तरी चालेल.’ व्हिडिओवरील उपस्थिती कायद्याने गणपूर्तीत धरली जाते. भावजयींनाही निराळे विचारले. पारण्याचा दिवस असल्याने सकाळ नको, दुपार चालेल, असे त्या म्हणाल्या. दोघांचा होकार आल्यावरच लेखी सूचना निघाली :

‘20 तारखेच्या बैठकीतील केवळ कर्ज स्वीकृतीचा विषय शनिवार, 13 रोजी दुपारी 2.30 वाजता कंपनीच्या कार्यालयात घेण्याचे योजिले आहे. बँकेच्या मंजुरीची मुदत 15 रोजी संपत असल्याने ही सूचना कमी मुदतीची आहे. मंजुरीपत्र व ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. व्हिडिओद्वारे सहभागी होता येईल. उर्वरित विषय 20 रोजीच घेतले जातील. ही वेळ सोयीची नसल्यास आज सायंकाळपर्यंत कळवावे.’

यातील ‘केवळ’ हा शब्द सर्वांत मोलाचा. 20 च्या विषयपत्रिकेत पुतण्याच्या वेतनवाढीचाही विषय होता. तोही घाईत उरकला जाईल, हीच धाकट्यांच्या मनातील खरी शंका होती. तातडी ज्या विषयाची, तेवढाच अलीकडे आणावा. बाकीचे ठरल्या दिवशीच राहू द्यावेत. कारण एका वाक्याचे असावे, पण तारखेसह असावे. ‘काही तातडीचे काम निघाले’ असे लिहिले, तर वाचणारा रिकाम्या जागी स्वतःची शंका भरतो.

शनिवारी चौघेही उपस्थित होते, एक पडद्यावर. बैठक वीस मिनिटांत संपली. दुसरा शनिवार असल्याने बँक बंद होती. म्हणून स्वीकृतीपत्र व ठरावाची प्रत सोमवारी बँक उघडताच दिली. धाकटे बंधू रविवारी रात्री परतले होते. हमीपत्रावर सही करण्यास ते थोरल्यांच्याच गाडीतून आले.