पहिल्या ओळीला उत्तर देणाऱ्यांनो, जरा थांबा

आज थोडं कडक लिहितोय, राग मानू नका.

आपल्या शेतीच्या ग्रुपवर कुणी एक ओळ टाकली की मिनिटाच्या आत दोघंतिघं औषधाचं नाव लिहून मोकळे होतात. लवकर उत्तर म्हणजे जास्त ज्ञान, असा समज झालाय. माझं म्हणणं उलट आहे. पहिल्या ओळीवर दिलेलं उत्तर बऱ्याचदा पीक घालवतं.

आपला शेतकरी एका दमात लिहीत नाही. बांधावर उभा राहून, ओल्या हातानं, तुकड्या-तुकड्यानं टाकतो. मागच्या खरिपात एका ग्रुपवर असंच झालं. सकाळी 7:12 ला आलं, "कपाशीची पानं मुरडली." लगेच दुसरं, "काय मारू?" 7:13 ला उत्तर हजर, "फुलकिडे आहेत, अमुक औषध मारा." त्यानंतर त्याचे बाकीचे तुकडे आले. 7:14 ला, "40 दिवसांची आहे." 7:17 ला फोटो, रेंज नसल्यानं उशिरा चढलेला. आणि 7:20 ला, "मागच्या आठवड्यात मावा-तुडतुड्याचं मारलं होतं, पंप शेजाऱ्याचा आणला होता, त्यानं मक्यात तणनाशक मारलेलं."

खरं दुखणं त्या शेवटच्या ओळीत होतं. फोटोत फक्त शेंड्याची नवी पानं भेंडीच्या पानासारखी बोटं फुटल्यागत अरुंद झाली होती, शिरा सरळ जवळजवळ आलेल्या. खालची जुनी पानं ठीक. हे 2,4-डी चं लक्षण. फुलकिड्यानं पान मुरडतं तेव्हा पानाच्या खाली चंदेरी चट्टे दिसतात. तुडतुड्यानं कडा पिवळ्या, मग लाल होतात आणि पान खाली वळतं. इथं यातलं काहीच नव्हतं. कपाशी 2,4-डी ला इतकी नाजूक आहे की पंपात राहिलेलं थोडंसंही तिला पुरतं.

आता बघा, 7:13 चं उत्तर वाचून तो दुकानात गेला असता, औषध आणलं असतं आणि त्याच पंपात भरलं असतं. म्हणजे पैसे गेलेच, वर तणनाशकाचा दुसरा हात. करायचं होतं ते वेगळंच. 2,4-डी वर उतारा औषध नाही. बिघडलेले शेंडे खुडायचे, ओल धरायची, स्वच्छ पंपानं 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरियाची फवारणी द्यायची आणि नवी फूट येते का बघायचं. मात्रा हलकी असेल तर झाड सावरतं, जास्त असेल तर नाही. पंप नुसत्या पाण्यानं साफ होत नाही, धुण्याच्या सोड्यानं नळी-नोझलसकट धुवावा लागतो. तणनाशकाला पंपच वेगळा ठेवला तर उत्तम.

लोक म्हणतात, दुरुस्ती नंतर करता येते की. येते, पण वाचतो कोण? माणूस पहिलं औषधाचं नाव बघून गाडीला किक मारतो. आणि उत्तर मिळालं म्हटल्यावर पुढचं लिहायचंही सोडून देतो. पंपाची गोष्ट त्याला महत्त्वाची वाटलीच नव्हती म्हणून ती शेवटी आली. आपण घाई केली असती तर कदाचित आलीच नसती.

दुसरे म्हणतात, गप्प बसलं तर त्याला वाटतं कुणी विचारत नाही. खरंय. म्हणून गप्प बसू नका, एवढंच लिहा, "वाचतोय भाऊ, सगळं लिहा, फोटो टाका." ग्रुपच्या नावाखाली "टाइप करत आहे" किंवा "रेकॉर्ड करत आहे" दिसतंय तोवर औषधाचं नाव काढू नका. ते थांबल्यावरही पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, खेड्यात फोटो चढायला तेवढा वेळ लागतोच. मग विचारा, आधी काय मारलं, पंप कुणाचा, शेजारी काय फवारलं.

एकच जागा अशी की तिथं थांबायचं नाही. "फवारताना चक्कर आली", "उलट्या होताहेत" अशी पहिली ओळ आली की पुढच्या तुकड्याची वाट बघू नका. कपडे बदला, अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात न्या, हे त्याच क्षणी लिहा आणि फोनही करा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. गाईची डावी कूस फुगलीय म्हटलं तरी तसंच, ताबडतोब डॉक्टरला बोलवायला सांगा. तिथं मिनिटं मोजावी लागतात. मुरडलेलं पान दहा मिनिटांत मरत नाही.

कृषी पदवीधर मित्रांनाही हेच सांगणं आहे. शेतात आल्यावर तुम्ही झाड उपटून मूळ बघता, चार प्रश्न विचारता, मगच बोलता. मोबाईलवर तो धीर कुठं जातो?

पटलं नाही तर जरूर भांडा, पण शेवटपर्यंत वाचून.