रेझ्युमेवरची एक ओळ

अमेरिकेत एम.एस. केलेला माझा आतेभाऊ नेरडीगोंड्याला फोन करून म्हणतो, "व्हिसाचं लिहिलं की रेझ्युमे बाजूला पडतो, म्हणून मी लिहीतच नाही." मला हे पटत नाही.

त्याचा पदवीचा विषय कॉम्प्युटर सायन्स. ओपीटीवर त्याला १२ महिने काम करता येतं. विषय स्टेममधला असल्यामुळे पुढे २४ महिने वाढवूनही मिळू शकतात, फक्त कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेली हवी. म्हणजे एकूण तीन वर्षं! नुसतं 'एफ-१ व्हिसा' लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही. ओपीटी कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि स्टेमची वाढ मिळू शकते, एवढं एका ओळीत लिहावं. पासपोर्ट नंबर मात्र कशाला?

अर्जात बहुधा दोन प्रश्न येतात. आज काम करायची परवानगी आहे का? त्याचं उत्तर 'हो'. आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का? त्याचंही 'हो', कारण तीन वर्षांनंतर तिथंच राहायचं तर बहुतेक एच-१बी लागणार. इथं 'नाही' लिहून वेळ मारून नेणारे आहेत. पण रुजू झाल्यावर तीन कामाच्या दिवसांत कंपनीला आय-९ साठी कागद तपासावेच लागतात, आणि परवानगीच्या कार्डावर मुदत छापलेली असते.

'कुठंही यायला तयार' हे वाक्यही अर्धवटच. शहर बदलायची तयारी वेगळी, कामाची परवानगी वेगळी. कोणत्या शहरात, किती आठवड्यांत आणि सामानाचा खर्च कोणाचा, हे लिहिलं तर समोरच्याला काही ठरवता येतं.