जन्मनोंदीतलं आईचं नाव आणि लेकीचा पदवीदान समारंभ

महाराष्ट्रातले जन्म-मृत्यू निबंधक आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे पदवीदान विभाग यांस,



आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. माझ्या लेकीची नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत आहे. खबर दिली तिच्या आजोबांनी, आणि आईच्या रकान्यात त्यांनी आपल्या मुलीचं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात नाव बदललेलं. पासपोर्टवर सासरचं नाव आणि आमचं आडनाव. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. लेक ब्रिटनमध्ये एम.एस्सी. झाली, आम्ही व्हिजिटर व्हिसासाठी कागद जुळवायला बसलो, तेव्हा दिसलं की दाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई या दोन वेगळ्या बायका आहेत.

निबंधकसाहेब, आम्ही दुरुस्ती मागितली तेव्हा उत्तर मिळालं की मूळ नोंद खाडाखोड करून बदलता येत नाही. ते खरंच आहे. पण 1969च्या नोंदणी कायद्याचं कलम 15 मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहून तारीख आणि सही करायची मुभा देतं. प्रसूतीच्या वेळी लेकीची आई विवाहित होती, म्हणजे माहेरचं नाव ही चूकच. विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र पाहून हे काम व्हायला हवं. लग्नाची नोंदच नसेल तर आधी ती करावी लागते, आणि जुन्या लग्नांत ती बहुधा नसते. शिवाय दाखला फक्त मराठीत भरलेला असला तर व्हिसासाठी इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचा निर्वाळा हवा. दाखल्यातला इंग्रजी भाग पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणे भरलात तर हा खर्च वाचेल.

आता विद्यापीठांना. व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी मागता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. पालकांच्या व्हिसासाठीचं तुमचं पत्र मात्र अनेकदा निकाल लागून समारंभाची जागा पक्की झाल्यावरच निघतं. त्यात बहुतेकदा विद्यार्थ्याचं नाव, अभ्यासक्रम आणि समारंभाची तारीख एवढंच असतं. (खर्चाची हमी तुम्ही घेत नाही, ते ठीक, ती आमच्या बँकेच्या कागदांनी द्यायची.) पण लेकीनं कळवलेली आईवडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे, नात्यासह, एका ओळीत लिहिली तर तुमचं पत्र आणि दुरुस्त झालेला दाखला एकमेकांशी जुळतील.

निबंधकांना विनंती एकच: आईच्या नावाचा अर्ज आला की कलम 15 वाचून उत्तर द्या, आणि नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्या.

आपला,
अंजनवेलचा एक पालक